आटे गेले? फवारणी पंपाचे झाकण आणि स्टार्टरची फळी वारंवार उघडणाऱ्यांसाठी

बोर्डो मिश्रण झाले की आपण त्यात विळ्याचे पाते बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, असे समजून अजून चुन्याची निवळी घालतो. हाच तांबूस रंग मला परवा एका पाठीवरच्या बॅटरी पंपाच्या बुडाखाली दिसला. झाकणाच्या सहा स्क्रूंपैकी दोन गायब होते, दोन जागच्या जागी नुसते फिरत होते आणि उरलेल्या दोघांची डोकी मोरचुदाने खाल्ली होती. झाकण सुतळीने बांधलेले. बॅटरी त्या सुतळीच्या भरवशावर.

आमच्या वरकुटे गावात आणि आजूबाजूला डाळिंब, द्राक्ष, ऊस असलेल्या बहुतेक घरांत असा एखादा पंप निघेल. बॅटरी बदलायला, आतल्या मोटारीची सुटलेली वायर जोडायला किंवा प्रेशर स्विच बघायला हे झाकण हंगामात चार-पाच वेळा उघडावे लागते. मोटारीच्या खोलीतल्या फळीवरच्या स्टार्टरचेही तेच. मग लोक विचारतात: जाडा स्क्रू मारू का? एम-सील भरू का? काडी कोंबू का? अलीकडे चौथा प्रश्न येतो: ते पितळी इन्सर्ट मागवले, बसवले, पण दोन दिवसांत उपटून आले, असे का?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुढे सविस्तर दिले आहे, कारण त्यात इन्सर्टचा दोष क्वचितच असतो.

आधी ठरवा: इन्सर्ट लागतो का?

कारखान्यातून आलेला स्क्रू प्लास्टिकमध्ये किंवा लाकडात स्वतःच आटे पाडत जातो. पहिल्यांदा तो छान बसतो. दुसऱ्यांदा तो जुन्या आट्यांत गेला तर ठीक, पण बहुतेक वेळा आपण तो टेकवून सरळ पिळतो आणि तो जुन्या आट्यांना आडवे कापत नवे आटे पाडतो. चार-पाच वेळा असे झाले की धरायला काही उरत नाही.

म्हणून वर्षातून एक-दोनदाच उघडायच्या वस्तूला इन्सर्ट बसवण्याच्या फंदात पडू नका. स्क्रू भोकावर ठेवा, आधी उलटा फिरवा. एका जागी तो टक् करून खाली बसल्यासारखा जाणवेल. तिथे जुना आटा सुरू होतो. तिथून सुलटा फिरवा, हाताने सहज जाईल. एवढी सवय लावली तर तोच स्क्रू पुष्कळ वर्षे टिकतो.

आटे आधीच गेले असतील आणि वस्तू दर महिन्या-दोन महिन्यांनी उघडावी लागत असेल, तर मात्र इन्सर्ट योग्य. इन्सर्ट म्हणजे आतून बोल्टचे आटे पाडलेली आणि बाहेरून लाकूड किंवा प्लास्टिक धरून ठेवणारी धातूची नळी. तो एकदाच बसतो. नंतर उघडझाप होते ती धातूच्या आट्यांत बोल्टची, त्यामुळे प्लास्टिक झिजत नाही.

जाडा स्क्रू मारणे हा एकदाच चालणारा उपाय आहे आणि त्याने स्क्रू ज्यात जातो तो प्लास्टिकचा पोकळ खुंट उभा चिरतो. लाकडातल्या भोकात फेव्हिकॉल लावून आगकाडी कोंबणे वाईट नाही, फक्त ते कायमचे बसणाऱ्या स्क्रूसाठी. पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या स्क्रूसाठी नाही.

प्लास्टिक कोणते आहे ते ओळखा

पंपाची टाकी आणि बूड बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते. हे प्लास्टिक हाताला मेणचट लागते आणि त्याला काहीही चिकटत नाही. औषध चिकटू नये म्हणूनही ते सोयीचे. पण त्याच कारणाने एम-सील, ॲराल्डाइट किंवा झटपट चिकटणारा गोंद त्यावर धरत नाही. आज दगडासारखा वाटलेला गोळा उद्या स्क्रूसकट अलगद बाहेर येतो. तेव्हा पंपाच्या बाबतीत ‘भरून पुन्हा भोक पाडणे’ हा मार्ग बंद समजा.

ओळखायच्या दोन सोप्या खुणा:

- बुडाखाली किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बाणांचा त्रिकोण असतो. त्यात २ असेल तर पॉलिथिलीन, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन.
- खूण नसेल तर ब्लेडने एक छोटी कात्रण काढून साध्या पाण्यात टाका आणि बोटाने बुडवून सोडा. वर आली तर बहुधा या दोघांपैकी एक. बुडाली तर दुसरे काहीतरी, उदाहरणार्थ बऱ्याच यंत्रांच्या कडक, चकचकीत डब्यांचे एबीएस.

ही सगळी प्लास्टिके उष्णतेने मऊ होतात, म्हणून त्यांत गरम करून बसवायचा इन्सर्ट चालतो. जुन्या स्टार्टरमधला काळा, ठिसूळ बेकलाइट मात्र मऊ होत नाही. तापवला तर तो जळतो किंवा तडकतो. त्यात सोल्डरिंगची इस्त्री घालू नका.

दुकानात काय मागाल

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘इन्सर्ट’ म्हटल्यावर दुकानदार तुमच्याकडे बघत राहण्याची शक्यता आहे. टी-नट तिथेही मिळू शकतो. पितळी इन्सर्ट पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, लाकडाचे भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आसपास. ऑनलाइनही मिळतात. जाताना नाव नाही, माप न्या.

- गरम करून बसवायचा पितळी इन्सर्ट: बाहेरून बारीक खाचा असलेली पिवळी नळी. मऊ होणाऱ्या प्लास्टिकसाठी. पंपाला हाच.
- फिरवून बसवायचा इन्सर्ट: बाहेरून मोठे, धारदार आटे, तोंडाशी ॲलन कीची षटकोनी खाच. घट्ट लाकडासाठी.
- टी-नट: चकतीला चार दात आणि मध्ये नळी. फळीच्या पाठीमागून बसतो. प्लायवूडसाठी, आणि सगळ्यांत स्वस्त.
- रबरी नट: रबराच्या नळीत पितळी नट. बोल्ट आवळला की रबर आतल्या बाजूला फुगते. जिथे खुंटच नाही, नुसती पातळ भिंत आहे, तिथे हा.

गॅरेजवाला कदाचित तारेच्या स्प्रिंगसारखा इन्सर्ट सुचवेल. तो इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये उत्तम, पण लाकूड-प्लास्टिकमध्ये त्याला पकड नाही.

धातूबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरू नका. फिरवून बसवायचे चंदेरी इन्सर्ट बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. विळ्यावर तांबे चढते ते लोखंड विरघळून, आणि मोरचूद जस्ताला लोखंडापेक्षाही लवकर खातो. म्हणून फवारणीच्या कोणत्याही वस्तूला चंदेरी इन्सर्ट नको आणि साधा लोखंडी बोल्टही नको. पितळी इन्सर्ट आणि स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, ही जोडी घ्या. स्टार्टरच्या फळीला चंदेरी चालेल.

पंपाचे झाकण: एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सुतळीने बांधलेल्या त्याच पंपाचे काम कसे झाले ते सांगतो. तुमच्या पंपाची मापे वेगळी असतील, पण मोजायचे काय ते तेच राहील.

आधी सफाई. टाकी रिकामी करून साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली, बूड ब्रशने घासले, वाळवले. हे टापटिपीसाठी नाही. प्लास्टिकवर औषधाचा थर असताना त्यावर तापलेली इस्त्री टेकवली तर तो धूर सरळ तुमच्या नाकात जातो. हातमोजे घाला आणि काम घरात न करता ओट्यावर, वारा पाठीशी घेऊन करा. बॅटरी काढून लांब ठेवा.

मग मोजमाप. झाकणाचा स्क्रू ज्या पोकळ खुंटात जातो त्याचा बाहेरचा व्यास १० मिमी भरला. एम ४ बोल्टचा माझ्याकडचा इन्सर्ट ८ मिमी लांब, बाहेरून ६.३ मिमी, आणि त्याच्यासोबत आलेल्या कागदावर भोक ५.६ मिमी लिहिलेले. म्हणजे भोक पाडल्यावर खुंटाची भिंत चारी बाजूंनी दोन मिमीच्या वर राहते. एवढी हवीच. खुंट ८ मिमीचाच असता तर एम ४ सोडून एम ३ घेतला असता. त्याला साधारण ४ मिमीचे भोक लागते आणि भिंत पुन्हा दोन मिमी उरते. इन्सर्ट बनवणारे वेगवेगळे, त्यांची मापेही थोडी वेगळी, म्हणून सोबतच्या मापावर विश्वास ठेवा, माझ्यावर नको. सोबत माप नसेल तर इन्सर्टचे खालचे, निमुळते टोक व्हर्नियरने मोजा. ते टोक भोकात जेमतेम शिरले पाहिजे आणि वरचा खाचांचा भाग शिरता कामा नये.

तिसरे माप खोलीचे, आणि ते बहुतेक जण घेत नाहीत. खुंटाच्या पलीकडे औषधाची टाकी असते. आगकाडी भोकात घालून खोली मोजा. इन्सर्टच्या लांबीपेक्षा एक-दोन मिमी जास्त खोली हवी, कारण वितळलेले प्लास्टिक खाली सरकते आणि त्याला जागा लागते. या पंपात खोली १४ मिमी होती, प्रश्न नव्हता. खोली कमी भरली तर गिरमिट पुढे रेटून टाकीला भोक पाडण्यापेक्षा आखूड इन्सर्ट शोधा.

भोक मोठे करताना घाई नको. साडेपाचचे ड्रिल एकदम घातले की मऊ प्लास्टिक त्याला पकडते, हिसका बसतो आणि खुंट फाटतो. आधी साडेचार, मग पाच, मग साडेपाच. मशीन अगदी हळू चालवा, किंवा ड्रिल हातातल्या चकमध्ये धरून हातानेच फिरवा. मी हातानेच फिरवतो. ५.६ ऐवजी ५.५ चालते, या मऊ प्लास्टिकमध्ये थोडे घट्टच बरे. ड्रिलवर हव्या त्या खोलीला टेप गुंडाळा, आणि टेप टेकला की थांबा.

आता बसवणे:

1. पंप उलटा करून असा टेकवा, की खुंट सरळ आकाशाकडे राहील. इन्सर्टचे निमुळते टोक भोकात ठेवा.
2. तापमान ठरवता येणारी इस्त्री असेल तर २०० ते २२० अंशांवर ठेवा. साधी २५-३० वॉटची असेल तर ती याहून बरीच तापते, म्हणून तिचे टोक इन्सर्टमध्ये आठ-दहा सेकंद ठेवून उचला, बघा, पुन्हा ठेवा.
3. दाबू नका. इस्त्रीच्या वजनाने इन्सर्ट स्वतःहून उतरू लागला तरच प्लास्टिक मऊ झाले. रेटून घातला तर खाचांभोवती प्लास्टिक भरत नाही, फक्त बाजूला ढकलले जाते.
4. मिलिमीटरभर वर असताना इस्त्री काढा आणि लगेच लोखंडी पट्टीची सपाट बाजू वरून टेकवून इन्सर्ट पृष्ठभागाशी सपाट करा. पट्टी तशीच वीस सेकंद धरा. थंड पट्टी त्याला सरळही करते आणि थिजवतेही.
5. पंधरा मिनिटे हात लावू नका. त्यानंतर लांब बोल्ट दोन-तीन फेरे फिरवून बघा. बोल्टशेजारी गुण्या धरला की तिरका बसलाय का ते कळते.

तिरका बसला असेल तर पुन्हा इस्त्री लावून मऊ करा आणि सरळ करा. असे एकदा करता येते, फार तर दोनदा. बोल्ट अर्ध्यात अडला तर वितळलेले प्लास्टिक आट्यांत शिरले आहे. त्याच मापाच्या टॅपने ते साफ करा, जोर लावून बोल्ट रेटू नका, नाहीतर इन्सर्टच फिरेल.

बसला तो चांगला बसला का, हे डोळ्यांनी कळते. इन्सर्टभोवती प्लास्टिकची बारीक, सगळीकडे सारखी कडा दिसली तर छान. एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला फट दिसली तर भोक मोठे होते किंवा इन्सर्ट तिरका गेला. तपकिरी डाग आणि जळका वास आला तर इस्त्री जास्त तापली होती, तिथले प्लास्टिक ठिसूळ झाले.

बोल्टची लांबी मोजून घ्या. झाकण ३ मिमी, वॉशर १ मिमी, इन्सर्ट ८ मिमी, म्हणजे १२ मिमीचा बोल्ट. लांब बोल्ट चालतो असे वाटते, पण तो खाली टेकला की पुढच्या फेऱ्याला इन्सर्टलाच जॅकसारखा वर उचलतो. शक्य असेल तर सहा कोनी डोक्याचा बोल्ट घ्या, ७ च्या पान्याचा. ॲलन की दिसायला देखणी, पण शेतातला चिखल त्या खाचेत बसला की खिळ्याने कोरत बसावे लागते. झाकणातली जागा अरुंद असून पाना शिरत नसेल, तर चौफुलीच्या डोक्याचा घ्या.

‘दोन दिवसांत उपटून आला’ याचे कारण

आता तो चौथा प्रश्न. इन्सर्ट नीट बसला, प्लास्टिक सगळीकडून भरले, तरी झाकण आवळताना वर आला. असे झाले की आधी झाकणाचे भोक बघा.

बोल्ट आवळताना तो इन्सर्टला वर ओढतो. वर झाकण आहे. झाकणाचे भोक इन्सर्टपेक्षा लहान असेल, तर इन्सर्ट झाकणाच्या पोटाला टेकतो आणि तिथेच थांबतो. बोल्ट, झाकण आणि इन्सर्ट एकमेकांना घट्ट धरतात, खुंटावर ओढ जवळजवळ येतच नाही. झाकणाचे भोक इन्सर्टपेक्षा मोठे असेल तर मात्र इन्सर्टच्या वर नुसती पोकळी. बोल्टच्या प्रत्येक फेऱ्याने तो त्या पोकळीत वर ओढला जातो, आणि त्याला धरायला फक्त प्लास्टिक उरते. तुम्ही आवळत नसता, उपटत असता.

एम ४ साठी झाकणाचे भोक साडेचार मिमी असावे. या पंपात दोन भोके जाड्या स्क्रूंनी सात मिमीपर्यंत फाकली होती, आणि इन्सर्ट ६.३ चा. उपाय सोपा आहे. त्या दोन जागी झाकण आणि खुंट यांच्या मध्ये स्टेनलेसचा एक चपटा वॉशर ठेवला. त्याचे भोक बोल्टपुरते, बाहेरचा व्यास इन्सर्टपेक्षा मोठा. इन्सर्ट आता वॉशरला टेकतो. झाकण सगळीकडे सारखे बसावे म्हणून बाकी चारही ठिकाणी तसाच वॉशर घातला. त्या जाडीसाठी तिथे बोल्ट मिलिमीटरभर कमी जातो, ते चालते.

इन्सर्ट सपाट बसवायचा तो याच कारणाने. तो खोल गेला तर झाकणाखाली पुन्हा पोकळी तयार होते. वर राहिला तर झाकण त्याच्यावर डुगडुगते.

खुंट आधीच उभा चिरला असेल तर त्यात इन्सर्ट बसवू नका, चीर उघडेलच. शेजारी मोकळी पातळ भिंत असेल तर रबरी नट, नाहीतर बुडाचा भागच बदला. सहा खुंटांपैकी एकच चिरला असेल तर पाचांवर झाकण राहते, त्यासाठी जीव टाकू नका.

काम झाल्यावर बॅटरी घालण्याआधी टाकीत साधे पाणी भरून पंप तासभर कोरड्या फरशीवर ठेवा. ओल दिसली नाही, की मग औषध.

स्टार्टरची फळी: इथे टी-नट बरा

फळीचे गणित वेगळे आहे. स्टार्टरला वजन आहे, मोटार चालू होताना कॉन्टॅक्टर धाडकन ओढला जातो, रोजचे हादरे बसतात आणि खोलीत पावसाळ्यात ओल असते. लाकडातला स्क्रू थोडा थोडा सैल होतो, उंदराने वायर कुरतडली की स्टार्टर काढला जातो, परत लावताना स्क्रू फिरतो.

फळी उतरवायच्या आधी मेन स्विच बंद करा आणि तिन्ही किटकॅट काढून खिशात ठेवा. ऑटो स्विचवर विसंबू नका, तो वेगळा बंद करा. वीज नाही म्हणून निर्धास्त काम सुरू असते आणि आपल्याकडची थ्री-फेज कधी येईल ते वेळापत्रकालाच माहीत. ती आली की ऑटो स्विच मोटार स्वतःहून चालू करतो. तिन्ही फेज टेस्टरने तपासा. कपॅसिटर असेल तर वायरी वायरमनकडूनच सोडवून घ्या, कारण वीज गेल्यावरही त्यात भार राहू शकतो. भोके पाडायची ती फळी उतरवून, बाहेर आणून.

१८ मिमीची प्लायवूड असेल तर टी-नट घ्या. तो पाठीमागून बसतो आणि पुढून आवळलेला बोल्ट त्याला लाकडात आणखी आत ओढतो. इन्सर्टच्या उलट, इथे जितके आवळाल तितकी पकड वाढते. हाताशी असताना याच्यापुढे दुसरे काही घेण्यात अर्थ नाही.

एम ६ च्या टी-नटची नळी बाहेरून साधारण ८ मिमी असते, ती मोजून तेवढेच भोक आरपार पाडा. हातोडीने ठोकू नका, तिरका बसतो आणि प्लायचा पापुद्रा निघतो. पाठीमागून टी-नट भोकात ठेवा, पुढून मोठा वॉशर घालून लांब बोल्ट पान्याने आवळत जा. दात आपोआप सरळ आत ओढले जातात. चकती लाकडाला टेकली की थांबा, तो बोल्ट काढा.

खरा बोल्ट किती लांब? स्टार्टरचा पाय २ मिमी, वॉशर दीड मिमी. २० मिमीचा बोल्ट घेतला तर साडेसोळा मिमी फळीत जातो, म्हणजे मागच्या बाजूला दीड मिमी आतच थांबतो. टी-नटच्या ९ मिमी नळीपैकी साडेसात मिमी आटे त्याला मिळतात, पुरेसे आहेत. २५ मिमीचा घेतला असता तर टोक मागे बाहेर येऊन लोखंडी पेटीला किंवा ओल्या भिंतीला टेकले असते. विजेच्या फळीला हे नको. अर्थिंगही या बोल्टवर सोडू नका, तिची वायर वेगळी आणि थेट.

फळी बाभळीची किंवा दुसऱ्या कडक लाकडाची असेल तर टी-नटचे दात वाकतात किंवा फळी चिरते. तिथे फिरवून बसवायचा इन्सर्ट. यात सगळे भोकावर आहे:

- व्हर्नियरने इन्सर्टच्या बाहेरच्या आट्यांच्या मधला, म्हणजे तळाचा व्यास मोजा. प्लाय आणि मऊ लाकडात तेवढेच भोक. बाभळीत त्याहून पाव ते अर्धा मिमी मोठे.
- काठापासून निदान इन्सर्टच्या व्यासाइतके आत या, जमल्यास दुप्पट.
- फळीच्या कापलेल्या टोकात, जिथे लाकडाच्या रेषा तुमच्याकडे बघतात, तिथे बसवू नका. त्या बाजूने लाकूड आटे धरत नाही.

भोकाचे तोंड जरा रुंद करा, इन्सर्टच्या आट्यांना मेण किंवा साबण चोळा आणि त्याच मापाच्या ॲलन कीने सावकाश उतरवा. अर्ध्या वाटेत कडक झाला तर जोर लावू नका. चंदेरी इन्सर्टची खाच फुटते आणि मग तो ना आत जातो ना बाहेर. उलटा फिरवून काढा आणि भोक एका ड्रिलने मोठे करा. पहिला इन्सर्ट त्याच लाकडाच्या तुकड्यात बसवून बघा. त्यासाठी दोन इन्सर्ट जास्त घ्या.

इथेही पंपाचाच नियम लागतो: स्टार्टरच्या पायाचे भोक इन्सर्टपेक्षा मोठे असेल तर मध्ये वॉशर.

एक वेगळी विनंती. भजनी मंडळाची पेटी सप्ताहाच्या आधी उघडून साफ करतात, तिचेही स्क्रू फिरतात, आणि इन्सर्टची गोडी लागली की हात तिकडे वळतो. पेटीचे लाकूड पातळ आणि वाळलेले असते, त्यात हवेची गळती झाली की सूर गेला. ती पेटीवाल्याकडेच न्या.

वॉरंटी, बिल आणि तुमचा हक्क

वरचे सगळे जुन्या वस्तूंसाठी. पंप वॉरंटीत असेल तर ड्रिल बाजूला ठेवा. वॉरंटीच्या कार्डावर काय लिहिले आहे ते आधी वाचा. स्वतः फेरफार केल्यास वॉरंटी संपते, अशी अट बहुतेक कार्डांवर असते आणि तुमचे पितळी इन्सर्ट हा त्याचा उघड पुरावा ठरेल. महिन्याभरात झाकणाचे आटे गेले तर तो माल बदलून किंवा दुरुस्त करून मागायचा प्रश्न आहे, तुमच्या ओट्यावरचा नाही.

दुकानदाराने टाळाटाळ केली तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथे भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फुकट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. दुरुस्तीच्या दुकानात पंप दिला असेल तरी काय केले आणि काय बदलले, हे लिहिलेले बिल मागा. इन्सर्ट बसवताना त्यांनी टाकीला भोक पाडले, तर बोलायला हाताशी कागद हवा.

तो कागद आजच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. उष्णतेवर छापलेले बिल वर्षभरात पांढरे पडते.